टेप न् दोरीने जागा कशी मोजायची, ओढ्याकाठच्या वाकड्या बाजूसकट

मामाची पिरंगुटच्या पुढे ओढ्याला लागून जागा आहे, सातबाऱ्यावर १२ आर, म्हणजे १२०० चौरस मीटर. कुंपण करायच्या आधी आम्ही ती स्वतः मोजून बघितली, तेच इथे सांगतो.

सामान फार लागत नाही. ३० मीटरचा फायबर टेप, ताणायला नायलॉनची दोरी, खुंट्या, ओळंबा आणि सोबत दोन माणसं. टेपचं शून्य कुठे आहे ते आधी बघा, काही टेपला ते कडीच्या टोकाला असतं न् काहींना आत पट्टीवर, मी पहिल्या वेळी हेच न बघता अर्धा दिवस मोजत बसलो आणि सगळं परत करावं लागलं.

चार कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणा आणि तिथे खुंट्या ठोका. अ ते क कर्णावर दोरी ताणा, आमची आली ५० मीटर. आता ब पासून या दोरीवर लंब टाकायचा, यालाच ऑफसेट म्हणतात. टेपचं शून्य ब च्या खुंटीवर धरा, दुसऱ्याने टेप ताणून दोरीवरून हळूहळू डावीकडे उजवीकडे फिरवावा, आकडा कमी कमी होत जातो आणि मग परत वाढायला लागतो, जिथे सगळ्यात कमी येतो तिथे काटकोन. आम्हाला ब चा लंब २४ मीटर मिळाला, अ पासून १७ मीटरवर. ड चा २१ मीटर, अ पासून २२ वर. लांब ऑफसेटला नुसत्या नजरेने काटकोन धरू नका, २४ मीटरला ५ अंश चुकले तर लंबाचा पाया दोरीवर २ मीटरने सरकतो.

चढावर टेप जमिनीला टेकवून मोजलात तर जागा फुगते, कारण नकाशात आडवं अंतर असतं. १० मीटरला २ मीटर चढ असेल तर खरं अंतर ९.८ च आहे. म्हणून टेप आडवा धरायचा, खालच्या बाजूला ओळंबा सोडून खूण करायची आणि पायऱ्या पायऱ्यांनी पुढे जायचं.

मधला चौकोन सोपा आहे:

```
½ × ५० × (२४ + २१) = ११२५ चौ. मी.
```

घाई करू नका, आधी तपासा. ब ते ड सरळ मोजा. दोन्ही लंबांचे पाये दोरीवर ५ मीटर अंतरावर आहेत आणि लंबांची बेरीज ४५, त्यामुळे हिशेबाने ब-ड ४५.२८ यायला हवं. आम्हाला ४५.३५ आलं, ठीक आहे. अर्धा मीटर फरक आला असता तर कुठलातरी लंब चुकलाय असं समजून परत मोजलं असतं.

आता ओढ्याची बाजू. क ते ड सरळ दोरी ताणली, ३५ मीटर, आणि जमीन या दोरीच्या बाहेर ओढ्यापर्यंत फुगलेली होती. दर ५ मीटरला दोरीपासून काठापर्यंत ऑफसेट घेतले: ०, १.२, २.१, २.६, २.४, १.८, १.०, ०. दोन्ही टोकं शून्य आहेत त्यामुळे मधल्यांची बेरीज ११.१ गुणिले ५, म्हणजे ५५.५ चौ. मी. (काठ दोरीच्या आत आला असता तर हे वजा केलं असतं.) सगळं मिळून ११८०.५, एक गुंठा १०१.१७ चौ. मी. धरला तर ११.६७ गुंठे.

सातबाऱ्याशी तुलना करताना पोटखराबा धरून एकूण क्षेत्र बघा, बरेच जण नुसतं लागवडीयोग्य बघतात न् घाबरतात. आमचा फरक १९.५ चौ. मी., पण नुसतं क्षेत्र जवळ आलं म्हणून आकार बरोबर असं नाही, एक बाजू वाढून दुसरी घटलेली असू शकते. म्हणून मोजणीच्या नकाशावर बाजू बघायच्या.

आमचा नकाशा १:५०० चा होता, म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. झेरॉक्स असेल तर आधी त्यावरची स्केलपट्टी मोजा, प्रिंट ३ टक्के आक्रसली तर क्षेत्र जवळपास ६ टक्के कमी दिसतं. आमचा कर्ण बरोबर १० सेंटिमीटर आला, अ-ब, ब-क, अ-ड या बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्या. ओढ्याचा फुगवटा मात्र नकाशात ७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन मीटर, आणि जागेवर २.६. १९.५ ला ३५ ने भागलं की सरासरी अर्ध्या मीटरच्या वर येतं, म्हणजे नकाशातल्या एका मिलिमीटरइतकं, म्हणून पूर्ण फरक त्याच काठावर आहे असं मला वाटतं, बहुतेक पावसात काठ खचला असेल.

मामाला सांगितलं की ओढ्याकडचं कुंपण सध्या थांबव. आपली मोजणी हद्द ठरवत नाही, शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जच करावा लागतो. बाकी तीन बाजूंचे खांब मात्र आम्ही त्याच आठवड्यात रोवले.