एका कॅमेऱ्यावर संवादाचा सीन: शूटिंगला निघण्याआधीची तयारी

समजा, सीन असा आहे. थोरली बहीण सुमन डायनिंग टेबलापाशी मेथी निवडत बसली आहे. समोर धाकटा भाऊ अविनाश. आईच्या गुडघ्यांविषयी, बसच्या गर्दीविषयी थोडं बोलणं होतं. मग तो पिशवीतून गावच्या घराच्या हक्कसोडपत्राचा मसुदा काढून तिच्यापुढे सरकवतो. ती वाचते. बराच वेळ काही बोलत नाही. मग उठून ओट्याशी जाते आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणते, "रजिस्ट्रार ऑफिसला किती वाजता यायचं ते सांग. मी येईन." पटकथेची तीन पानं, म्हणजे साधारण तीन मिनिटांचा सीन. हाताशी कॅमेरा एक, वन बीएचके फ्लॅट सकाळी आठ ते दुपारी दोन, आणि माणसं मोजकीच.

कॅमेरे दोन असते तर दोघांचे चेहरे एकाच टेकमध्ये मिळाले असते. एका कॅमेऱ्यावर तेच बोलणं पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, आणि एडिटिंगमध्ये ते एकदाच घडलं असं वाटायला हवं. त्यामुळे तयारी दोन प्रश्नांची आहे: कुठल्या वाक्याला कोणाचा चेहरा लागणार, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे जुळणार कसे.

पहिलं काम शॉट डिव्हिजनचं नाही, वाचण्याचं आहे. सीन कुठे वळतो तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा. आपल्या सीनमध्ये तीन वळणं आहेत: कागद बाहेर येतो, सुमन वाचून गप्प होते, सुमन उठते. पहिलं पान गप्पांचं आहे, ते मास्टरमध्येच, म्हणजे दोघं एकत्र दिसतील अशा सलग शॉटमध्येच, छान चालेल. क्लोज लागणार तो कागद टेबलावर आल्यानंतर. हे आधी ठरलं नाही तर सेटवर पहिल्या ओळीपासून दोघांचे क्लोज घेतले जातात, आणि सुमनच्या गप्प बसण्याला द्यायचा वेळ बसच्या गर्दीवर खर्च होतो.

मग खोलीचा नकाशा काढा, वरून पाहिल्यासारखा. टेबल, दोन खुर्च्या, ओटा, खिडकी, दार, प्लग पॉइंट. दोघांना जोडणारी सरळ रेघ ओढा. हाच ॲक्सिस. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहणार. आपण हॉलची बाजू घेतली, म्हणून सुमन फ्रेमच्या डावीकडे आणि अविनाश उजवीकडे. सुमनच्या क्लोजमध्ये तिचा लुक उजवा आणि अविनाशचा डावा. नकाशात प्रत्येक कॅमेरा पोझिशनजवळ हा लुक शब्दांत लिहून ठेवा, कारण पाचव्या तासाला तो डोक्यात राहत नाही.

खरा घोळ सुमन उठते तेव्हा होतो. ती ओट्याशी गेली की रेघही तिच्याबरोबर फिरते. आता ॲक्सिस ओट्यापासून अविनाशच्या खुर्चीपर्यंत. याच जागी माझी एकदा चूक झाली आहे. आधीच्या एका लघुपटात असंच एक पात्र ओट्याशी जात होतं. तिथून बसलेल्या माणसाचा शॉट घ्यायचा होता आणि ट्रायपॉड ओटा आणि भिंतीच्या कोपऱ्यात मस्त बसत होता, म्हणून तिथे लावला. तो कोपरा रेघेच्या पलीकडे होता. एडिटला बसल्यावर तो माणूस बायकोकडे न बघता खिडकीकडे बघत बोलतोय असं दिसलं. शॉट सुंदर होता, पण फेकावा लागला. तेव्हापासून पात्र उठणार असेल तर मी दोन नकाशे काढतो, उठण्याआधीचा आणि नंतरचा. शिवाय उठण्याची हालचाल मास्टरमध्ये सलग, पूर्ण दिसेल अशी घेतो. प्रेक्षकाने तिला जाताना पाहिलं की नव्या जागेचा त्याचा गोंधळ होत नाही.

आता शॉट्स. आपल्या सीनला आठ पुरतात. हॉलच्या बाजूने दोघांचा मास्टर. अविनाशच्या खांद्यावरून सुमनचं सजेशन, म्हणजे त्याच्या खांद्याची कड फ्रेममध्ये ठेवून घेतलेला तिचा शॉट, आणि सुमनचा क्लोज. टेबलाकडून ओट्याशी उभ्या सुमनचा मिड. मग उलट बाजूने सुमनच्या खांद्यावरून अविनाशचं सजेशन, अविनाशचा क्लोज, आणि ओट्याकडून बसलेल्या अविनाशचा शॉट. शेवटी कागदाचा आणि हातांचा इन्सर्ट.

ही यादी पुरेशी आहे का हे तपासायची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. पटकथेची प्रिंट घ्या आणि प्रत्येक शॉटसाठी पानावर उभी रेघ ओढा, तो शॉट जिथे सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत. बोलणारा त्या शॉटमध्ये दिसत असेल तिथे रेघ सरळ, फक्त आवाज येत असेल तिथे नागमोडी. सेटवर कंटिन्युइटी बघणारे शूट झालेल्या गोष्टीची नोंद अशी ठेवतात. आपण ती आधी काढायची. मग पानावरून नजर फिरवा. ज्या वाक्यावरून एकच रेघ जाते तिथे एडिटरला दुसरीकडे जायला वाट नाही. मास्टरच्या दुसऱ्या टेकचा पूर्वार्ध आणि चौथ्याचा उत्तरार्ध चांगला असेल, तर ते जोडायला मध्ये काय ठेवणार? माझ्या प्रिंटवर सुमन वाचते त्या जागी मास्टर आणि तिचा क्लोज एवढंच होतं, अविनाशची रेघच नव्हती. ती गप्प असताना तो काय करतो हे मी लिहिलंच नव्हतं. म्हणून अविनाशचा क्लोज वाचनाच्या आधीपासून सुरू केला आणि तिच्या शेवटच्या वाक्यापलीकडे नेला. त्या क्लोजमध्ये बहुतेक नागमोडी रेघ आहे, आणि सीनला तोच लागणार आहे.

प्रत्येक क्लोज हव्या असलेल्या वाक्याच्या एक वाक्य आधी सुरू करा आणि एक वाक्य नंतर थांबवा. नटाला लय सापडते आणि कट मागेपुढे सरकवायला जागा मिळते.

आता क्रम. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने करू नका, कॅमेरा कुठे बघतोय त्या क्रमाने करा. सुमनच्या दिशेचं सगळं एकदम, मग कॅमेरा आणि लाइट फिरवून अविनाशच्या दिशेचं सगळं. माझा अंदाज असा: सामान चढवणं, हालचालींची तालीम आणि पहिलं लाइटिंग यांना सव्वा तास, मास्टरला अर्धा. एकाच दिशेत लेन्स बदलून पुढचा शॉट पंचवीस मिनिटांत होतो, पण बाजू पालटली की पहिल्याच शॉटला पन्नास लागतात. त्यामुळे बाजू एकदाच पालटायची. या हिशोबाने आठही शॉट्स साधारण पाच तासांत बसतात आणि तासभर हातात उरतो.

कुठली दिशा आधी, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे उजेड. खिडकी अविनाशच्या पाठीमागे आहे, पश्चिमेची. दुपार उतरू लागली की तिथून थेट ऊन येणार, म्हणून अविनाशचं काम एक वाजायच्या आत उरकायचं. हे अंदाजाने ठरवू नका, आदल्या आठवड्यात जाऊन दर तासाला खिडकीचा फोटो काढा. दुसरी गोष्ट म्हणजे नट. सुमनचं गप्प राहणं हा या सीनचा जीव आहे, ते तिच्या दहाव्या टेकला मागू नका. तिला आधीच विचारून ठेवा. काही जणींना मास्टरनंतर लगेच क्लोज हवा असतो, काहींना सजेशनमध्ये थोडं तापायला आवडतं.

बाजू पालटल्यावर जुळवाजुळव कामाला येते. सुमनच्या क्लोजला कुठली लेन्स होती, लेन्सपासून तिचं नाक किती फुटांवर होतं आणि लेन्सची उंची किती होती, हे टेपने मोजून वहीत लिहा. अविनाशला तेच आकडे द्या. एक चेहरा पन्नासच्या लेन्सने पाच फुटांवरून आणि दुसरा पस्तीसने साडेतीन फुटांवरून घेतला, तर चेहऱ्यांचा आकार सारखा दिसेल, पण मागची भिंत एकीकडे जवळ आणि दुसरीकडे लांब जाईल, आणि दोघं एका टेबलाशी बसलेत असं वाटणार नाही. एकाचा क्लोज चालू असताना दुसऱ्याने लेन्सला अगदी चिकटून, रेघेच्या बाजूला बसायचं आणि संवाद मनापासून द्यायचे. त्या जागी असिस्टंटला कागद वाचायला बसवू नका.

मेथीबद्दल सावध राहा. प्रत्येक टेकमध्ये निवडलेली पानं वाढतात आणि जुडी कमी होते. आम्ही सहा जुड्या आणणार आहोत, आणि वळणागणिक टेबलाचे तीन फोटो काढून ठेवणार आहोत: सुरुवातीला, कागद येताना, आणि ती उठते तेव्हा. कुठल्या शब्दाला ती काडी मोडते हे तालमीतच ठरवायचं. माझा सल्ला असा की ज्या वाक्यांवर कट येणार आहेत तिथे हात स्थिर ठेवायला सांगा. चहा मात्र मी काढूनच टाकला. कपातली पातळी, वरची साय, वाफ, सगळं प्रत्येक टेकला जुळवत बसण्याइतकं तो सीनला काही देत नव्हता.

आवाजाची तयारी थोडकी आहे, पण ती विसरली तर नंतर इलाज नाही. क्लोज घेताना समोरच्याने वाक्यावर वाक्य चढवू नये, मध्ये श्वासभर जागा ठेवावी. भांडण एकमेकांच्या बोलण्यात घुसणारं हवं असेल तर ते एडिटमध्ये चढवता येतं. उलट मिसळलेले आवाज सुटे करता येत नाहीत.

आदल्या दिवशी दोन मित्रांना त्याच खुर्च्यांवर बसवून आठही जागांवरून फोनने फोटो काढा. ते कटच्या क्रमाने लावा आणि संवाद मोठ्याने वाचत एकेक पुढे सरकवा. लागोपाठचे दोन फोटो एकाच माणसाचे आणि जवळजवळ सारखे दिसले तर तिथे कट उडी मारणार. शॉटचा आकार ठळकपणे बदला किंवा कॅमेरा निदान तीस अंश सरकवा.

उशीर झाला तर काय सोडायचं, तेही आजच ठरवा. आमच्या यादीत सुमनच्या सजेशनपुढे फुली आहे, कारण तिथे मास्टर आणि क्लोज दोन्ही आहेत. त्यानंतर ओट्याकडून घ्यायचा अविनाशचा शॉट. अविनाशच्या क्लोजला आणि इन्सर्टला हात लावायचा नाही. इन्सर्टला पंधरा मिनिटं लागतात, आणि दोन टेक जोडायची वेळ आली की तोच उपयोगी पडतो.

सामान आवरण्याआधी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. फ्रिजची घरघर नको म्हणून तो सकाळी बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना किल्ली घ्यायला तो उघडावाच लागेल आणि पुन्हा चालू करायचं लक्षात राहील.