बँकेचाच नंबर दिसला तरी कॉल बँकेचा नसू शकतो: या चुका टाळा

सावद्याकडचा एक केळीवाला शेतकरी धरून चालू, त्याला नाना म्हणू. केळीची कापणी झाली, व्यापाऱ्याने १,८६,४०० रुपये खात्यावर टाकले आणि शनिवारी संध्याकाळी नानांचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं 'बँक सावदा'. शाखेचा लँडलाइन नंबर नानांनी कधीकाळी याच नावाने सेव्ह करून ठेवलेला.

"पाटील साहेब, तुमच्या खात्यातून ४९,९९९ रुपये बाहेर चाललेत. आम्ही अडवून धरलेत. तुम्हीच करताय का हा व्यवहार?"

नाना म्हणाले, नाही बुवा. "मग कॅन्सल करतो. आत्ता मेसेज आला असेल, त्यातला सहा आकडी नंबर सांगा." नाना जरा थबकले, तर त्याचंही उत्तर तयार: "पासबुकाचं पहिलं पान उघडा. मी ज्या नंबरवरून बोलतोय तोच छापलाय ना?" नानांनी पासबुक काढून पाहिलं. आकडा न् आकडा तोच.

इथेच माणूस फसतो, आणि तो भोळा असतो म्हणून नाही. त्याने खात्री करून घेतलेली असते, फक्त चुकीच्या गोष्टीची.

चूक पहिली: पडद्यावरचा नंबर पुरावा मानणं

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. पोस्टमन पाकीट पोहोचवतो ते पुढच्या पत्त्यावर, मागचा पत्ता खरा की खोटा हे तो बघत नाही. फोनचंही तसंच आहे. कॉल कुठे जायचा हे ठरवणारा नंबर खराच लागतो, नाहीतर घंटी वाजणार नाही. कॉल कुठून आला हे सांगणारा नंबर मात्र कॉल सुरू करणारी यंत्रणा भरते आणि मधली एक्स्चेंजं तो बहुतेकदा जसाच्या तसा पुढे सरकवतात. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या सर्व्हरमध्ये तर हा नंबर म्हणजे भरायचा एक रकाना असतो. प्रामाणिक कंपनी तिथे स्वतःला मिळालेला नंबर घालते, ठग बँकेचा घालतो. ज्या टेलिफोन कंपनीकडून तो कॉल बाहेर पडतो तिने 'हा नंबर या ग्राहकाला दिलेला आहे का' हे तपासलं तर कॉल तिथेच अडतो. नाही तपासलं तर सुटतो.

आणि 'बँक सावदा' हे नाव? ते बँकेकडून आलेलंच नाही. आलेला नंबर फोनने नानांच्याच कॉन्टॅक्टमध्ये शोधला आणि सापडलेलं नाव दाखवलं. नाव सांगणाऱ्या ॲपांचंही तेच. त्यांच्या यादीत त्या नंबरसमोर बँकेचं नाव आहे, म्हणून ते बँकेचं नाव दाखवतात, वर हिरवी खूणसुद्धा लावतात. यादी खरी असते, पण कॉल खोटा.

सरकारने यावर काहीच केलं नाही असं नाही. परदेशातून यायचं आणि भारतातला नंबर दाखवायचा, अशा कॉलसाठी २२ ऑक्टोबर २०२४ ला दूरसंचार विभागाने वेगळी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांतच असे सुमारे १.३५ कोटी कॉल ओळखले गेले. त्यामागचा विचार सरळ आहे. आपला मोबाइल नंबर परदेशातून कॉल करत असेल तर तो माणूस रोमिंगवर असला पाहिजे, आणि ते कंपनीला तपासता येतं. लँडलाइनला तर रोमिंगच नसतं, त्यामुळे सावद्याचा लँडलाइन परदेशातून येणं शक्यच नाही. पण ही चाळणी परदेशी दारावर बसवलेली आहे. देशातल्याच एखाद्या ढिल्या जोडणीतून सुटलेला कॉल तिच्याखाली येत नाही.

चूक दुसरी: 'ओळखीचा' नंबर नीट न वाचणं

नंबर खोटा आहे हे नुसतं बघून कळेलच असं नाही, पण काही वेळा तो स्वतःच बोलतो. नानांच्या बाबतीत शाखा बंद झालेली होती. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावलेल्या शाखेतून लँडलाइन कोण फिरवणार?

१८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर आपण फिरवायचा असतो. तो बँकेकडे येणाऱ्या कॉलसाठी घेतलेला असतो. त्या नंबरवरून आपल्याला कॉल आलेला दिसला, तर खरा नंबर दिसतोय हीच संशयाची बाब. परदेशातून आलेल्या कॉलवर काही कंपन्या 'इंटरनॅशनल कॉल' अशी पट्टी दाखवतात. ती पट्टी आणि खाली रावेर-जळगावकडचा नंबर, असं एकत्र दिसलं की उचलायचीही गरज नाही.

आता बँकांना ग्राहकांशी व्यवहाराबद्दल बोलण्यासाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये तसं परिपत्रकच काढलं. याचा उपयोग एकाच बाजूने करा. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाला तर संशय घ्या. पण १६०० दिसलं म्हणजे ओटीपी सांगायला हरकत नाही, असा उलटा अर्थ काढू नका. तोही शेवटी पडद्यावर दिसणारा नंबरच.

चूक तिसरी, आणि सगळ्यात महागडी: त्याच कॉलवर खात्री करत बसणं

"तुमचा एम्प्लॉयी आयडी सांगा", "माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे सांगा" असं विचारून लोकांना वाटतं आपण हुशारी केली. ठग दोन्ही सांगतो. आयडी तपासायला आपल्याकडे काहीच नसतं आणि चार आकडे अशा लोकांच्या हाती असलेल्या याद्यांमध्ये बऱ्याचदा असतात. समोरच्याची परीक्षा त्यानेच उघडलेल्या लाइनवर घेता येत नाही.

नानांनी मेसेज पूर्ण वाचला असता तर मात्र कळलं असतं. त्यात ४९,९९९ रुपये कोणाला चालले हे लिहिलेलं होतं आणि तो ओटीपी ते पैसे बाहेर जाऊ देण्यासाठी होता. व्यवहार रद्द करायला ओटीपी लागत नाही. अडवलेला व्यवहार अडलेलाच असतो.

मग करायचं काय? "बरं, मीच फिरवतो" एवढं म्हणून कॉल कापायचा. समोरचा घाई करेल, खातं गोठेल म्हणेल, करू द्या. मग डेबिट कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर एकेक आकडा दाबून स्वतः लावायचा.

इथे अनेकांना प्रश्न पडतो: नंबर तोच, तर पुन्हा ठगालाच नाही का लागणार? नाही लागणार. नंबराची बतावणी येणाऱ्या कॉलपुरतीच चालते. आपण तो नंबर फिरवला की टेलिफोन यंत्रणा त्या नंबराच्या खऱ्या मालकाकडेच कॉल नेते, म्हणजे बँकेकडे. शाखा बंद असेल तर घंटी वाजत राहील, मग कार्डामागचा चोवीस तासांचा नंबर लावा. कॉल खरंच बँकेचा असेल तरी बिघडत काही नाही. खात्यावर संशयास्पद व्यवहार अडवला असेल तर हेल्पलाइनवरच्या माणसाला तो दिसतो.

उलट कॉल करतानाही लोक चुकतात

पहिली गोष्ट, नंबर गुगलवर शोधू नका. बँकेच्या नावाने खोटे कस्टमर केअर नंबर तिथे पेरलेले असतात. वेबसाइटवरूनच घ्यायचा तर पत्ता .bank.in ने संपतो का ते बघा. बँकांना आता याच पत्त्यावर यायला लावलं आहे आणि तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मेसेजमधल्या लिंकवरचा किंवा कॉल करणाऱ्याने "हा घ्या आमच्या साहेबांचा नंबर" म्हणून दिलेला नंबर तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्याच्या सांगण्यावरून व्हॉट्सअॅपवर आलेली एखादी एपीके फाइल, केवायसीची किंवा पीक विम्याची म्हणून, फोनमध्ये टाकली असेल तर तो फोन वापरूच नका. अशी काही ॲप स्वतःला डायलरच्या जागी बसवतात. मग आपण बँकेचा नंबर दाबतो, पडद्यावर बँकेचाच नंबर दिसतो, आणि कॉल जातो ठगाकडे. आपण फिरवलेला कॉल खऱ्या मालकाकडे जातो हा नियम फक्त इथे मोडतो. शेजाऱ्याचा नाहीतर पोराचा फोन घ्या.

त्याने *401* किंवा 21* असं काही दाबायला लावलं असेल, तर कॉल फॉरवर्ड झालेले असू शकतात. म्हणजे बँकेने तुम्हाला खरा कॉल केला तरी तो दुसऱ्याकडेच वाजेल. बघायला आणि बंद करायला हे दाबा:

```
*#21#
##002#
```

पहिल्याने स्थिती कळते, दुसऱ्याने सगळी फॉरवर्डिंग निघतात. काही कंपन्यांच्या सिमवर हे कोड चालत नाहीत, तिथे फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून बंद करा.

पैसे गेलेच तर

"सोमवारी शाखेत जाऊन साहेबांना भेटतो" ही आपल्याकडची हमखास चूक. सोमवारपर्यंत पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. १९३० वर लगेच कॉल करा. जवळ ठेवायचं ते एवढंच: खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक म्हणजे यूटीआर. या क्रमांकावरून पैसे ज्या बँकेत गेले तिथे निरोप जातो आणि अजून शिल्लक असलेली रक्कम तिथे रोखता येते. लाइन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर तक्रार टाका. त्यासोबतच बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करून तक्रार क्रमांक घ्या.

भरपाईबद्दल स्पष्टच सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा पडत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं धरलं जातं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. नानांचा पहिला व्यवहार गेला, पण दहा मिनिटांत कळवलं तर त्यानंतर जाणाऱ्या रकमेचा भार तरी त्यांच्यावर येत नाही. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी.

एक शेवटची चूक रागाच्या भरात होते: तो नंबर ब्लॉक करणं. तो तर बँकेचा खरा नंबर! ब्लॉक केला की उद्या बँकेचा खरा कॉल येणार नाही, ठग मात्र दुसरा नंबर दाखवून येईल. त्याऐवजी sancharsaathi.gov.in वरच्या 'चक्षू' मध्ये कॉलची तारीख, वेळ आणि दिसलेला नंबर नोंदवा. पैसे गेले नसतील तेव्हासाठी ही जागा आहे, गेले असतील तर १९३०. तपशिलात 'नंबर बँकेचाच दिसत होता, बँकेकडे विचारलं, त्यांनी कॉल केलेला नाही' हे वाक्य जरूर घाला, नाहीतर तक्रार बँकेच्या शाखेविरुद्ध केल्यासारखी दिसते.