डिसिजन ट्री आणि विस्ताराचा प्रश्न: या चुका टाळा

डिसिजन ट्रीच्या प्रश्नात गुणाकार किंवा बेरीज फारशी चुकत नाही. उत्तरपत्रिका तपासताना वेगळंच दिसतं. झाड नीटनेटकं काढलेलं असतं, संभाव्यता जागच्या जागी असतात आणि तरीही शेवटी निवडलेला पर्याय उलटा निघतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: एखादी रक्कम झाडावर भलत्या ठिकाणी बसलेली असते. हे समजून घ्यायला मी वर्गात घेतो ते एकच उदाहरण इथे पूर्ण सोडवतो.

सिंधुदुर्गातल्या एका काजू प्रक्रिया कारखानदाराला पुढच्या 5 वर्षांसाठी विस्तार करायचा आहे. एक तर आत्ताच 60 लाख घालून मोठं युनिट उभारायचं. नाहीतर 25 लाखांचं छोटं युनिट टाकायचं आणि पहिली 2 वर्षं मागणी चांगली राहिली, तर आणखी 30 लाख घालून ते वाढवायचं. पहिली 2 वर्षं मागणी चांगली असण्याची संभाव्यता 0.6, कमी असण्याची 0.4. ती चांगली राहिली, तर पुढची 3 वर्षंही चांगली राहण्याची संभाव्यता 0.8 आणि घसरण्याची 0.2. सुरुवातीलाच कमी असेल, तर पाचही वर्षं कमीच राहील.

चालू खर्च वजा जाता वर्षाचं उत्पन्न असं आहे: मोठ्या युनिटला चांगल्या मागणीत 30 लाख, कमी मागणीत 5 लाख. छोट्याला 14 आणि 10 लाख. वाढवलेल्या युनिटला 28 आणि 8 लाख. व्याजदर दिलेला नाही, म्हणून वर्तमान मूल्य काढायचं नाही.

झाड डावीकडून उजवीकडे काढायचं, पण सोडवायचं उजवीकडून. उजवीकडचा चौकोन म्हणजे 2 वर्षांनंतरचा निर्णय: वाढवायचं की नाही?

वाढवलं तर 0.8 × 84 + 0.2 × 24 = 72, त्यातून 30 वजा, म्हणजे 42 लाख.
नाही वाढवलं तर 0.8 × 42 + 0.2 × 30 = 39.6 लाख.

42 मोठे, म्हणून वाढवायचं. न वाढवण्याच्या फांदीवर दोन छोट्या तिरप्या रेघा मारा आणि चौकोनावर 42 लिहा. या दोन आकड्यांची सरासरी काढायची नाही. सरासरी वर्तुळावर काढतात, कारण तिथे काय होईल ते आपल्या हातात नसतं. चौकोनावर निर्णय आपलाच असतो, तिथे मोठा आकडा उचलायचा.

आता डावीकडे या. छोट्या युनिटची मागणी चांगली राहिली, तर पहिल्या 2 वर्षांचे 28 आणि पुढचे 42 मिळून 70. कमी राहिली, तर 5 वर्षांचे 50.

छोटं: 0.6 × 70 + 0.4 × 50 − 25 = 37 लाख.
मोठं: 0.6 × (60 + 75) + 0.4 × 25 − 60 = 31 लाख.

यातले 75 म्हणजे 0.8 × 90 + 0.2 × 15. थोडक्यात, छोटं युनिट निवडायचं. काहीच न करण्याची शून्याची फांदीही काढून ठेवा. दोन्ही आकडे ऋण आले असते, तर उत्तर तेच ठरलं असतं.

आता चुकांकडे वळू. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या वहीत डाव्या टोकाला 25 लिहिलेले होते, त्याखाली 30, आणि रेघ मारून बेरीज 55. बाकी सगळं बरोबर. तिचं गणित असं झालं: 0.6 × (28 + 72) + 0.4 × 50 − 55 = 25 लाख. मोठ्याचे 31, म्हणून तिने मोठं युनिट निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, दोन्ही खर्च छोट्या युनिटचेच आहेत ना?" आहेत, पण 30 लाख खर्च होण्याची वेळ दहातून सहा वेळाच येते. मागणी कमी राहिली, तर तो खर्च होणारच नाही. म्हणून तो त्याच फांदीवर वजा करायचा जिथे तो होतो, मग 0.6 ने गुणला जाऊन त्याचं वजन आपोआप 18 होतं. तिच्या 55 च्या जागी 43 वजा केले की लगेच 37 येतात.

दुसरी चूक तितकीच घात करणारी आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही. उजवा चौकोन सोडवून 42 आले की त्याच नादात थेट 0.6 × 42 केलं जातं. पहिल्या 2 वर्षांचे 28 लाख मधल्या फांदीवरच राहून जातात. मग छोट्याचे 20.2 येतात आणि पुन्हा मोठं युनिट जिंकतं. यावर माझा उपाय साधा आहे: प्रत्येक फांदीखाली किती वर्षांचं उत्पन्न धरलं ते लिहायचं. मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवताना वर्षांची बेरीज 5 यायलाच हवी.

तिसरी चूक संभाव्यतेची. काही जण आधीच 0.6 × 0.8 = 0.48 आणि 0.6 × 0.2 = 0.12 काढून ते उजव्या वर्तुळावर लिहितात. मग वाढवण्याचे 13.2 आणि न वाढवण्याचे 23.76 येतात, म्हणजे 2 वर्षांनंतरचा निर्णयच उलटतो. ही चूक ओळखायला क्षण पुरे: एका वर्तुळातून निघणाऱ्या संभाव्यतांची बेरीज 1 हवी, इथे 0.60 येते.

तरीही 0.48 आणि 0.12 हे आकडे कामाचे आहेत, पण पडताळ्यासाठी. प्रत्येक टोकाला हातात निव्वळ किती उरतं ते लिहा आणि त्या वाटेच्या पूर्ण संभाव्यतेने गुणा. छोट्या युनिटच्या तीन वाटांवर अनुक्रमे 57, −3 आणि 25 लाख उरतात.

0.48 × 57 + 0.12 × (−3) + 0.4 × 25 = 37.

मोठ्याच्या वाटांवर 90, 15 आणि −35 उरतात. त्यांचीही बेरीज तशीच 31 येते. दोन्ही रस्त्यांनी आकडा जुळला नाही, तर एखादी रक्कम हरवलेली आहे किंवा दोनदा मोजलेली आहे.

या पडताळ्यातून आणखी एक गोष्ट समोर येते. कारखानदाराच्या हातात 37 लाख कुठल्याच वाटेवर पडत नाहीत. त्यामुळे "कारखानदाराला 37 लाख नफा होईल" असं लिहिलं, की मी गुण कापतो. हे 37 म्हणजे ईएमव्ही, अपेक्षित आर्थिक मूल्य. ते संभाव्यतेने वजन दिलेलं सरासरी मूल्य आहे, जोखीम त्यात दिसत नाही. मोठ्या युनिटमध्ये 0.4 संभाव्यतेने 35 लाखांचा तोटा आहे, छोट्यात वाईटात वाईट 3 लाखांचा. प्रश्नात "शिफारस करा" असं म्हटलं असेल, तर हे दोन आकडे उत्तरात हवेतच.

शेवटी 0.6 कडे बघा. हा अंदाज आहे. त्याच्या जागी p ठेवला, तर मोठ्याचं मूल्य 110p − 35 आणि छोट्याचं 20p + 25 होतं. दोन्ही सारखी केली की 90p = 60, म्हणजे p साधारण 0.67. चांगल्या मागणीची संभाव्यता त्याच्या वर गेली, तर मोठं युनिट निवडायचं, 0.6 आणि 0.67 मधलं अंतर फार नाही. उत्तरपत्रिकेत मी हे असं लिहायला सांगतो: "ईएमव्हीनुसार छोटं युनिट, 37 लाख, मात्र पहिल्या 2 वर्षांतल्या चांगल्या मागणीची संभाव्यता 0.67 च्या वर असेल, तर निर्णय बदलेल."