जर्मन उच्चार: ü, ch आणि r बोलताना या चुका टाळा

जर्मन नवीन शिकत असाल तर आधी एकच शब्द घ्या, Bücher, म्हणजे पुस्तकं. यात ü आहे, ch आहे, शेवटी r पण आहे, आणि आपल्याकडे बहुतेक जण तो ‘ब्युखर’ म्हणून मोकळे होतात, म्हणजे एका शब्दात तिन्ही चुका.

आधी ü बघू. ‘ब्यु’ म्हणताना जीभ आधी य ला जाते आणि मग घसरत उ वर येते, म्हणजे दोन आवाज झाले. ü हा एकच आवाज आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. लांब ‘ई’ म्हणा, आवाज चालू ठेवा, जीभ अजिबात हलवू नका, फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करून पुढे काढा. बरोबर आला का हे तपासायचं असेल तर आवाज न थांबवता ओठ परत पसरा. स्वच्छ ‘ई’ परत ऐकू आली तर जीभ जागेवर होती, नाही आली तर ती मागे सरकलीय, आणि आपली नेमकी तिथेच गडबड होते कारण मराठीत ओठ गोल झाले की जीभ सवयीने मागे जातेच. ö पण असाच, फक्त ‘ई’च्या जागी ‘ए’ धरायचा आणि ओठ ‘ओ’चे करायचे. ä चं फार टेन्शन घेऊ नका, ‘ए’ म्हटलंत तरी बऱ्याचदा चालून जातं, खूप जर्मन लोक स्वतःच लांब ä तसा म्हणतात.

ü आणि u मध्ये गोंधळ केला तर मात्र अर्थच बदलतो. drucken म्हणजे प्रिंट करणं आणि drücken म्हणजे दाबणं, ढकलणं. जर्मनीत दुकानांच्या दारांवर हा दुसरा शब्द लिहिलेला असतो.

आता ch. याचे मुख्य आवाज दोन, आणि कुठला घ्यायचा ते आधीचा स्वर सांगतो. a, o, u, au नंतर घशातला, उदा. Buch, बाकी स्वरांनंतर आणि l, n, r नंतर पुढचा, उदा. ich. (chs ला बहुतेक वेळा सरळ ‘क्स’ म्हणतात, sechs म्हणजे ‘झेक्स’.) घशातल्या आवाजात आपली चूक म्हणजे आपला ‘ख’ लावणं. आपल्या ख मध्ये हवा आधी अडते आणि मग सुटते, त्यामुळे तो लांबवता येत नाही. जर्मन ch दोन सेकंद ओढता आला पाहिजे, नाही आला तर तो ख च आहे.

पुढच्या ch चा आपण ‘श’ करतो, ‘इश’. परत ‘ई’ म्हणा, मग आवाज बंद करून त्याच जागेवरून नुसती हवा सोडा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकलेलं राहू द्या आणि ओठ पुढे काढू नका, कारण टोक वर उचललं की श झालाच. Kirche म्हणजे चर्च आणि Kirsche म्हणजे चेरी, या जोडीवर रेकॉर्ड करून ऐका. ऱ्हाईनलँडकडे बरेच लोक स्वतःच ‘श’च्या जवळचं बोलतात, पण तो तिकडचा लहेजा आहे, शिकताना दोन्ही वेगळे ठेवलेले बरे.

r बद्दल लोक उगाच घशाला त्रास देतात. शब्दाच्या सुरुवातीला आपला जिभेचा र लावला तरी कळतं, बव्हेरियात तसा बोलणारे खूप जण आहेत. घशातला हवाच असेल तर Buch मधला ch धरा आणि त्यात हळूच कंठाचा आवाज मिसळा, जोर नको. खरी चूक शब्दाच्या शेवटी होते. तिथे -er चा र ऐकूच येत नाही, एक सैल ‘अ’ उरतो, ‘आ’कडे झुकलेला. Mutter म्हणजे ‘मुटा’, शेवटचा आ अगदी तोकडा. आपण तिथे खणखणीत र मारतो आणि सगळं वाक्य मराठी वाटायला लागतं.

आता Bücher परत जोडू. ब म्हणतानाच ओठ गोल ठेवा, जीभ ‘ई’वर, आवाज लांब. मग जीभ तिथेच ठेवून आवाज बंद, नुसती हवा, हा झाला ch. मग तोंड सैल सोडून छोटासा अ. ü आणि ch ची जिभेची जागा जवळपास एकच आहे, म्हणून एक जमला की दुसरा निम्मा जमलेलाच असतो.

वहीत देवनागरीत ‘ब्युखर’, ‘इश’ असं लिहून ठेवायची सवय मात्र सोडा, कारण वाचताना डोळ्यांना दिसतं तेच तोंडातून येतं. त्यापेक्षा एकवचन आणि अनेकवचन जोडीनेच म्हणा, Buch Bücher, Tochter Töchter, Dach Dächer. प्रत्येक जोडीत स्वर बदलतो आणि ch घशातून पुढे येतो, तो बदल ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नका.