परदेशात कन्सोल नेताना: आधी व्होल्टेज, मग पिना, शेवटी टीव्ही

कन्सोल पेटीत भरण्याआधी त्याच्या वीजपुरवठ्यावरचं लेबल वाचा. तिथे INPUT पुढे 100-240V लिहिलं असेल तर परदेशी सॉकेटसाठी साधा प्लग अडॅप्टर पुरतो. प्लेस्टेशन ४ किंवा स्विचसारखे अलीकडचे कन्सोल बहुधा याच गटातले असतात. एकच आकडा असेल तर मात्र थांबा. प्लग अडॅप्टर पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही.

अमेरिकेत घेतलेला निन्टेंडो वी 230 व्होल्टच्या देशात न्यायचा आहे असं समजू. त्याच्या पॉवर अडॅप्टरवर इनपुट 120V आहे. पिना बदलून तो भिंतीत खोचला तर तो जळणार. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हा एक मार्ग. वीचा अडॅप्टर जास्तीत जास्त साधारण 50 वॉट घेतो, म्हणून 100 वॉटचा घ्यावा. प्रवासासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी असतात, ते इथे चालत नाहीत.

पण ट्रान्सफॉर्मर जड असतो, आणि वीच्या बाबतीत त्याची गरजच नाही. आतला कन्सोल शेवटी 12 व्होल्ट डीसी, 3.7 अँपिअरवर चालतो. युरोपात विकला जाणारा वीचा पॉवर अडॅप्टर 230 व्होल्ट घेऊन तेवढंच देतो. मुक्कामी पोचल्यावर तोच घ्या.

ही युक्ती सगळीकडे लावू नका. निन्टेंडोचेच जुने कन्सोल बघा: जपानी सुपर फॅमिकॉमला 10 व्होल्ट डीसी लागतं, तर युरोपीय एनईएसचा पॉवर अडॅप्टर 9 व्होल्ट एसी देतो. दोन्हींची टोकं सारखीच बसतात, आणि इथेच लोक फसतात. म्हणून OUTPUT ची ओळ वाचून व्होल्ट, एसी की डीसी, आणि डीसी असेल तर टोकाचं धन-ऋण चिन्हही जुळवा. अँपिअर थोडे जास्त असले तर बिघडत नाही.

आता टीव्ही. एचडीएमआय असेल तर हा प्रश्न जवळजवळ संपलाच. अमेरिकी वीला एचडीएमआय नाही. त्याच्या पिवळ्या केबलमधून एनटीएससी या अमेरिकी पद्धतीचा सिग्नल येतो, चित्र सेकंदाला 60 वेळा. युरोपातल्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीची अपेक्षा 50 ची असते, शिवाय रंग भरण्याची पद्धतही वेगळी. बिघाड कुठला ते चित्रच सांगतं. चित्र स्थिर पण कृष्णधवल दिसलं, तर टीव्हीला 60 हर्ट्झ जमतं, एनटीएससीचे रंग तेवढे उमगत नाहीत. चित्र वर-खाली सरकत राहिलं, तर 60 हर्ट्झच जमत नाही.

पहिल्या अडचणीवर कंपोनंट केबल हा सोपा उपाय. तीत रंग एनटीएससीच्या वेष्टनात येत नाहीत, त्यामुळे ते उलगडण्याचा प्रश्नच उरत नाही. केबल लावल्यावर वीच्या सेटिंगमध्ये Screen, मग TV Resolution उघडून 480p निवडा. दुसऱ्या अडचणीवर केबल बदलून भागत नाही. तिथे टीव्हीच दुसरा शोधावा लागतो.

यातलं काहीही डिस्कच्या प्रदेश-कुलपाला लागू पडत नाही, म्हणून आपल्या डिस्क बरोबर घ्या. तिथे घेतलेली युरोपीय डिस्क हा वी वाचणार नाही.