फ्रेंचमध्ये 'तीन वर्षं' सांगताना आधी विचारा: ते अजून चालू आहे का?

'मी तीन वर्षांपासून लियाँमध्ये राहतोय' हे फ्रेंचमध्ये सांगताना इंग्रजीतून विचार करणारे हमखास भूतकाळ वापरतात. मराठीतूनच विचार केला तर वाक्य सरळ बसतं, कारण आपल्यासारखंच फ्रेंचही इथे वर्तमानकाळ वापरतं: झाबित आ लियाँ दप्वी त्र्वाझाँ. यातलं दप्वी म्हणजे 'पासून', म्हणजे मी अजूनही तिथेच आहे.

आता हेच वाक्य बदलून पाहा. झे आबिते आ लियाँ पाँदाँ त्र्वाझाँ. पासे काँपोझे हा भूतकाळ आणि कालावधी सांगणारं पाँदाँ आले की ती तीन वर्षं संपली, आज मी दुसरीकडे राहतो. ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, म्हणून इथली चूक महागात पडते.

दप्वीला एक अपवाद मात्र लक्षात ठेवावाच लागतो. 'मी त्याला दोन वर्षांपासून भेटलो नाही' अशा नकारार्थी वाक्यात दप्वीबरोबरही बहुधा पासे काँपोझे येतो, कारण चालू आहे ते न भेटणं, भेटणं नव्हे.

'इल या' म्हणजे आपलं 'पूर्वी', फक्त ते कालावधीच्या आधी येतं: इल या त्र्वाझाँ, तीन वर्षांपूर्वी. घडून गेलेल्या एका घटनेसाठी ते पासे काँपोझेबरोबर चालतं.

राहिला 'पूर' हा शब्द, म्हणजे आपलं 'साठी'. तो ठरवलेल्या मुदतीसाठी, मुख्यतः जाण्या-येण्याच्या क्रियापदांबरोबर: झ पार पूर द सॅमेन, दोन आठवड्यांसाठी निघतोय. दोन आठवडे अभ्यास केला असेल, तर तिथे पूर नको, पाँदाँच.