‘रिफंड केलाय, बँकेला विचारा’: अडकलेले पैसे कार्डावर परत कसे मिळवावेत

वस्तू परत गेली, विक्रेत्याने ती मिळाल्याचे कबूल केले, रिफंड केल्याचा ईमेलही आला, पण खात्यात पैसे नाहीत. विक्रेता म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते आमच्याकडे काही आलेलेच नाही. या टोलवाटोलवीत आठवडे जातात आणि तेवढ्यात कार्डावरच्या दाव्याची मुदत सरत असते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत ही मुदत बहुतेक तक्रारींसाठी 120 दिवसांची आहे. ग्राहक आयोगाकडे किंवा न्यायालयात जायला सहसा याहून कितीतरी जास्त वेळ मिळतो. म्हणून आधी चार्जबॅक, मग ग्राहक तक्रार, हा क्रम सोडू नये.

चार्जबॅक म्हणजे काय, तर कार्ड देणारी तुमची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत ओढून घेते. विक्रेत्याची परवानगी त्यासाठी लागत नाही, पण त्याला पुरावा देऊन विरोध करता येतो. ही सोय क्रेडिट आणि डेबिट अशा दोन्ही कार्डांना आहे. थेट बँक ट्रान्सफरने किंवा रोखीने पैसे दिले असतील, तर हा रस्ता बंद आहे आणि सरळ ग्राहक तक्रारीकडे वळावे.

आधी पैसे खरेच आले नाहीत ना, ते बघा

यात पाच मिनिटे जातात, पण बरेच दावे इथेच निकाली निघतात. काही बँका रिफंडची नोंद जुन्या व्यवहाराच्या तारखेखाली दाखवतात, त्यामुळे स्टेटमेंटच्या वरच्या दोन-चार ओळींत ती दिसत नाही. ऑर्डर लगेच रद्द झाली असेल, तर रक्कम प्रत्यक्षात कापलीच गेलेली नसते, फक्त अडवून ठेवलेली असते. मग ‘रिफंड’ अशी नोंद न येता मूळ नोंदच गळून पडते. आणि रिफंड विक्रेत्याच्याच वॉलेटमध्ये किंवा क्रेडिट नोट म्हणून पडलाय का, तेही पाहा. तुम्ही त्याला होकार दिलेला नसेल, तर तो कार्डावरचा रिफंड नव्हे.

आता विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘या रिफंडचा एआरएन द्या.’ कार्डावरचा रिफंड बँकेच्या यंत्रणेत गेला की त्याला 23 अंकी संदर्भ क्रमांक मिळतो, तोच एआरएन. तो मिळाला, तर तुमची बँक त्यावरून रक्कम शोधू शकते. कार्ड बदलले किंवा बंद झाले असेल, तर अडकलेला रिफंड बहुधा असाच सापडतो. विक्रेत्याने त्याऐवजी अक्षरे मिसळलेला आठ-दहा खुणांचा ‘रिफंड आयडी’ पाठवला, तर तो त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक असतो आणि बँकेला त्याचा काही उपयोग नाही. तीन-चार दिवसांत एआरएन आला नाही, तर रिफंड बाहेर पडलेलाच नाही असे धरून पुढे चला.

तारखा मांडून पाहू

समजा, 2 जानेवारीला हेडफोन आणि एक केबल कार्डावर घेतली. 9 तारखेला पार्सल आले, हेडफोनची डावी बाजू बंद. 12 तारखेला कुरिअरने परत नेले, 16 तारखेला ते गोदामात पोचले. 18 जानेवारीला ईमेल आला: ‘तुमचा रिफंड जारी केला आहे, 5 ते 7 कामकाजाचे दिवस लागतील.’ 1 फेब्रुवारीपर्यंत काही नाही. एआरएन मागितला, तर ‘बँकेशी संपर्क साधा’ असे उत्तर.

व्हिसाच्या नियमानुसार, रिफंड केल्याचे विक्रेत्याने लिहून दिल्यानंतर 15 दिवस थांबावे लागते. ते 2 फेब्रुवारीला संपले. 120 दिवस 18 जानेवारीपासून मोजले, तर शेवटची तारीख 18 मेच्या आसपास येते. म्हणजे 6 फेब्रुवारीला दावा करणे अगदी योग्य. मेपर्यंत थांबू नये, कारण ही मुदत तुमच्या बँकेने दावा पुढे पाठवण्याची आहे, तुम्ही फोन करण्याची नाही. बँकेच्या कामाचे दिवस त्यातूनच जातात. काही बँका ग्राहकाला स्वतःची याहून छोटी मुदत देतात, तीही विचारून घ्या.

वस्तू आलीच नसेल, तर मोजणी ती मिळणार होती त्या तारखेपासून होते. विक्रेता ती तारीख पुढे ढकलत राहिला, तरी मूळ व्यवहारापासून 540 दिवसांची वरची मर्यादा आहेच.

कारण नीट निवडा

बँकेच्या ॲपमध्ये किंवा फोनवर तक्रारीचे कारण विचारले जाते आणि सगळा दावा त्यावर उभा राहतो. वरच्या प्रकरणात कारण ‘कबूल केलेला रिफंड आला नाही’ हेच हवे. व्हिसाच्या यादीत त्याचा क्रमांक 13.6 आहे. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती’ हे 13.3 म्हणूनही बसेल, पण मग हेडफोन खराब होते हे सिद्ध करत बसावे लागते. रिफंडचा ईमेल हातात असताना तो वाद उकरायचा कशाला? विक्रेत्याने स्वतःच पैसे देणे मान्य केले आहे, आता प्रश्न फक्त ते आले की नाही एवढाच.

वस्तू परत केली, पण विक्रेत्याने लेखी काहीच कबूल केले नाही, तर प्रकरण 13.7 मध्ये जाते आणि तिथे त्याचे परतीचे नियम पुढे येतात. ते खरेदीच्या वेळी तुम्हाला नीट दाखवले होते का, यावर निकाल लागतो. म्हणूनच चॅटवर ‘रिफंड मिळेल’ असे म्हटल्याक्षणी स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख दिसेल असा.

एक चूक फार होते. फोनवरची व्यक्ती घाईत ‘हा व्यवहार तुम्ही केलाच नव्हता का?’ असे विचारते आणि माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मग दावा फसवणुकीचा ठरतो, कार्ड बंद होते, आणि विक्रेता तुमच्या पत्त्यावरची डिलिव्हरी व तुमच्या खात्यातून केलेले जुने व्यवहार दाखवून तो सहज जिंकतो. खरेदी तुम्ही केली असेल, तर तसेच सांगा.

बँकेला काय पाठवावे

पाच कागद पुरतात: ऑर्डरची पावती, परत नेल्याची कुरिअर पावती, गोदामात पोचल्याचे ट्रॅकिंग, रिफंडचा ईमेल आणि एआरएन मागितल्याचा पत्रव्यवहार. तीस स्क्रीनशॉट पाठवले, तर मुद्द्याचा एक त्यांतच हरवतो. सोबत अर्ध्या पानाचे निवेदन, साधारण असे:

‘2 जानेवारीच्या ऑर्डरमधील हेडफोन मी 12 जानेवारीला परत केले. ते 16 जानेवारीला विक्रेत्याला मिळाले (कागद 3). 18 जानेवारीला विक्रेत्याने रिफंड जारी केल्याचे लेखी कळवले (कागद 4). आजपर्यंत रक्कम जमा नाही. 1 फेब्रुवारीला मागूनही एआरएन मिळाला नाही (कागद 5). मी केबल ठेवली आहे, माझा दावा फक्त हेडफोनच्या रकमेचा आहे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. पूर्ण बिलाचा दावा केला, तर विक्रेता केबल तुमच्याकडे असल्याचे दाखवतो आणि मग उरलेल्या रकमेबद्दलही शंका येते. मनस्ताप, व्याज, नुकसानभरपाई चार्जबॅकमध्ये मागता येत नाही. तो राग इथे लिहू नये.

दावा गेल्यावर

अनेक बँका रक्कम लगेच तात्पुरती जमा करतात. ती अजून तुमची नाही, ती परत काढून घेतली जाऊ शकते. उत्तर द्यायला समोरच्या बँकेला व्हिसामध्ये 30 आणि मास्टरकार्डमध्ये 45 दिवस मिळतात. उत्तर आले नाही, तर प्रकरण बहुधा तुमच्या बाजूने संपते.

उत्तर आले, तर बँक विक्रेत्याचे कागद तुमच्याकडे पाठवते आणि मोजके दिवस देते. बरेच जण इथे घसरतात. त्या पत्राकडे दुर्लक्ष केले की म्हणणे मान्य आहे असे धरले जाते. सगळी कहाणी पुन्हा सांगू नका, त्यांच्या कागदावर बोट ठेवा. त्यांनी ‘रिफंड पूर्ण’ असा स्वतःच्या सिस्टीमचा स्क्रीनशॉट जोडला असेल, तर लिहा: ‘यात एआरएन नाही. त्या तारखेनंतरचे माझे स्टेटमेंट सोबत आहे, त्यात ही नोंद नाही.’

यानंतरची पायरी कार्ड नेटवर्कच्या लवादाची. तिथे हरणाऱ्या बँकेला शेकडो डॉलरचे शुल्क पडते, त्यामुळे छोट्या रकमेसाठी तुमची बँक तिथवर जाईलच असे नाही.

मध्येच विक्रेत्याने खरोखर रिफंड केला, तर बँकेला त्याच दिवशी कळवा. दोनदा आलेली रक्कम कधी ना कधी परत जातेच आणि पुढच्या दाव्याच्या वेळी ते तुमच्याविरुद्ध दिसते. काही विक्रेते चार्जबॅक करणाऱ्याचे खाते बंद करतात, म्हणून त्या खात्यातली बिले आणि वॉरंटीचे कागद दाव्याआधीच उतरवून ठेवावेत.

चार्जबॅक बसत नसेल किंवा हरलात तर

ग्राहक यंत्रणा म्हणून जे दिसते, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. मध्यस्थी करणारी हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, पण सक्ती करू शकत नाही. नियामक एकाच विक्रेत्याविरुद्धच्या अनेक तक्रारी पाहून कारवाई करतो, तुमचे पैसे वसूल करून देत नाही. अमेरिकेतले फेडरल ट्रेड कमिशन हे त्याचे उदाहरण. निकाल आणि भरपाई मिळते ती तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आयोगात किंवा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात. आपण कुठे लिहितोय ते आधी ओळखावे, नाहीतर चुकीच्या दारात महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहणे होते.

भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ही पहिल्या प्रकारची आहे आणि मोठ्या विक्रेत्यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी उपयोगी पडते. तिथे काम झाले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांत आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तिथे तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या टोकाच्या शहरात असला, तरी अडत नाही. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्ड वापरले असेल, तर 1974 च्या ग्राहक पत कायद्याचे कलम 75 पाहावे. त्यात 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. हा कायद्याचा हक्क आहे, त्याला चार्जबॅकचे 120 दिवस लागू नाहीत. विक्रेता परदेशी असेल, तर अनेक देशांच्या ग्राहक संस्थांनी मिळून चालवलेल्या econsumer.gov वर नोंद करता येते. तिचाही उपयोग माहिती गोळा करण्यापुरता, वसुलीसाठी नाही.

तक्रारीत विक्रेत्याचे नाव बिलावरून घ्या, ॲपवरून नव्हे. ब्रँडचे नाव वेगळे आणि बिल देणारी कंपनी वेगळी असे सर्रास असते, आणि चुकीच्या नावावर गेलेली नोटीस परत येते. मागणी आकड्यात लिहा: हेडफोनची रक्कम इतकी, व्याज अमुक तारखेपासून, खर्च इतका. चार्जबॅक केला होता आणि त्याचे काय झाले, तेही लिहा. ते लपवले, तर विक्रेता पहिल्याच उत्तरात तो मुद्दा काढतो.

बँकेनेच दावा पुढे पाठवायला विनाकारण नकार दिला किंवा मुदत घालवली, तर ती बँकेविरुद्धची वेगळी तक्रार आहे. आधी बँकेकडे लेखी द्या. भारतात 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे सर्वात कामाचा कागद म्हणजे बँकेला पहिला दावा केल्याच्या दिवशीचा तक्रार क्रमांक. फोनवर बोलून ठेवून देण्याआधी तो मागून घ्यावा.